झेंडूच्या माळेखालची ओळ

माझ्या वडिलांनी फोटो स्टुडिओ माझ्या हाती दिला तेव्हा एकच ताकीद दिली होती. गिऱ्हाईकाचं पत्र वाचायचं नाही. त्या काळात लोक जुनी पत्रं घेऊन यायचे, फोटोप्रत काढून द्या म्हणायचे. वडील कागद कॅमेऱ्याखाली उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून ठेवूनच फोकस करायचे, म्हणजे वाचायचा मोहच नको. मीही तीस वर्षं तेच पाळलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व होता. मेहकरात बसस्टँडमागे एवढी दुकानं आहेत, पण माणसं घरातली गोष्ट माझ्याकडे घेऊन येतात ती यासाठीच, असं मी चारचौघांत सांगायचो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आला. बूट बाहेर काढून आत आला, म्हणजे काम साधं नाही हे मला कळलं. मोबाइल पुढे केला. वहीचं एक पान, निळ्या पेनानं लिहिलेलं, वाकडं धरून काढलेला फोटो. काढणाऱ्याच्याच हाताची सावली अर्ध्या पानावर पडलेली.

"माह्या पोरीचं पत्र हाय," तो म्हणाला. "बुलढाण्याले होस्टेलात होती. अकरावीत. तिथं मोबाइल ठेवू देत नव्हते, म्हणून गावातल्या पोरीजवळ चिठ्ठी देऊन पाठवायची. वर्ष होऊन राह्यलं तिले जाऊन. वर्षश्राद्धाले फ्रेम करून द्या. चांगली दिसली पाह्यजे, आन अक्षरं वाचता आली पाह्यजेत."

"मूळ कागद आणा ना. त्यावरून जास्त चांगलं होईल."

"तो तिच्यासंगच ठेवला. चितेवर." त्यानं मोबाइल काउंटरच्या काचेवर ठेवला. "हा फोटो मॅडमले पाठवाले काढला होता म्हणून राह्यला."

कोणत्या मॅडम, कशाला पाठवायला, हे मी विचारलं नाही. पत्रातलं नाही विचारायचं, तसं पत्राभोवतीचंही नाही विचारायचं, असा माझा शहाणपणा. फोटो व्हॉट्सॲपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फाटतात, एवढं मात्र त्याला करून दाखवलं.

आता माझी लाज सांगतो. तेव्हा नवीन ॲप आलं होतं, फोटो टाकला आणि चार शब्द लिहिले की चित्र सजवून देतं. मी फोटो टाकला आणि लिहिलं, जुना पिवळसर कागद कर, कडेनं फुलांची वेल काढ. अर्ध्या मिनिटात असं देखणं पान आलं की मी स्वतःवरच खूश झालो. सावली गेली, सुरकुत्या आल्या, शाई गडद झाली. शेतकऱ्याला बोलावून घेतलं.

त्यानं स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"हे माह्या पोरीनं लिहिलं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, कसं नाही, तोच फोटो आहे. त्यानं बोट ठेवलं. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा अक्षरांकडे अक्षरं म्हणून बघितलं. वर शिरोरेघ होती, खाली काने होते, मात्रा होत्या, आणि शब्द एकही नव्हता. ॲपला वाचता थोडंच येतं. त्यानं पान पुसून अख्खं नव्यानं चितारलं होतं, आणि अक्षरासारखं दिसेल असं काहीतरी ओळींत भरलं होतं. वाचायचं नाही या माझ्या बाण्यापायी मी एका मेलेल्या मुलीच्या पत्राचं वाट्टोळं करून बापासमोर मांडलं होतं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

मग जुन्या पद्धतीनं बसलो. फोटोचे चार कोपरे ओढून पान सरळ केलं. सावलीचा भाग उजळून सगळ्या पानाचा उजेड सारखा केला. मग कागद पांढरा होत जाईल आणि शाई तेवढी राहील असं करत नुसत्या शाईचा वेगळा लेअर, म्हणजे पारदर्शक थर काढला. तिच्या पेनाची एकही रेघ मी जाड केली नाही, बारीक केली नाही. पेन अडकून कागद खरवडलेला होता, तोही ठेवला. पिवळा कागद त्या लेअरच्या खाली घातला, अक्षरांमागे फिकट, कडेला गडद. वेल फक्त समासात. सजावट हवी तेवढी करा, पण ती शाईच्या खाली आणि कडेला, शाईवर कधीच नाही. एवढं शिकायला मला एक मेलेली पोर लागली.

तो परत आला तेव्हा बराच वेळ वाचत बसला. ओठ हलत होते. मग म्हणाला, "हे तिचंच हाय." आणि मग त्यानं पानाच्या मध्याखाली बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं.

"इथून इथवर झेंडूची माळ टाका."

"दादा, खाली ओळ आहे. झाकेल."

"तिथं शाई पसरलेली हाय. काही दिसत नाही."

दिसत होतं. बाकीच्या ओळींइतकंच स्पष्ट दिसत होतं, हे मला न वाचताही कळत होतं. पण मी एकदा तोंडावर आपटलेला माणूस, आणि पत्र त्याच्या पोरीचं. मी माळ टाकली. वेगळ्या लेअरवर, सगळ्यांच्या वर. छान दिसली, तेही सांगतो. लोकांना वाटलं असतं, मुद्दाम शोभेला टाकली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई आली. हातात पिशवी, पदर डोक्यावर, एसटीची धूळ अंगावर. "फ्रेम न्याले आली," म्हणाली. त्याची बायको. तो मांडववाल्याकडे गेला होता म्हणून हिला पाठवलं होतं.

मी फ्रेम पुढ्यात उभी केली. तिनं आधी काचेला हात लावला, मग वरून एकेका ओळीवर बोट टेकवत खाली आली. मला वाटलं वाचतेय.

"दहा," ती म्हणाली. "अकरा पाह्यजेत."

मी फ्रेम जवळ ओढली.

"मले वाचता येत नाही, भाऊ. सही तेवढी येते. पण मोबाइलात रोज पाह्यते मी. रोज संध्याकाळी ते वाचून दाखवतात, मी मोजते. सात ओळी, मग एक, मग तीन. त्या एकीवर त्यायचं बोट फिरते आन तोंडातून काही निघत नाही. मले वाटे, तिनं खोडलं असंल." तिनं माळेवर बोट ठेवलं. "ती ओळ इथं खाली हाय ना?"

"हो."

"फुलं काढता येतात?"

काढायला काय, कॉम्प्युटरवर त्या लेअरसमोर डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर एकदा क्लिक करायचं. मी काय करावं हे मला खरंच कळत नव्हतं. त्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकला होता. पण ही त्या मुलीची आई होती, आणि माझ्या दुकानात उभी राहून विचारत होती. मी क्लिक केलं. माळ गेली. खाली ओळ.

"वाचा," ती म्हणाली.

वडिलांची ताकीद मी त्या दिवशी मोडली. आधी मनात वाचलं. वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. परीक्षा सोपी गेली म्हणावं, डब्यातलं सगळ्यांना आवडलं म्हणावं. तिला काय कळणार होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी नवऱ्याच्या तोंडाकडे वर्षभर बघत आली असेल.

मी वाचलं. "पप्पा, ताप उतरत नाही. सोमवारी नको, उद्याच मले घ्याले या."

बाहेर मेहकर-लोणार गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ती खुर्चीवर बसली नाही, रडली नाही.

"चिठ्ठी शनवारी आली," ती म्हणाली. "ते मले म्हणत, सगळं ठीक हाय, अभ्यास चालू हाय. रविवारी आमच्या सोयाबीनच्या मळणीचा नंबर होता. मशीन परत आठ दिवस आलं नसतं." मग थांबून, "होस्टेलच्या मॅडमले फोटो पाठवला म्हणत, ध्यान ठेवा म्हणून. मले वाटे, परीक्षेचं असंल. सोमवारी सकाळी फोन आला."

ते मॅडमचं मला आत्ता कळलं. मला त्या माणसाचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याची कीव आली, आणि कोणती भावना खरी हे आजही सांगता येत नाही.

"फ्रेम बिनफुलांची द्या," ती म्हणाली.

मी नवीन प्रिंट काढली, काच उघडून बदलून दिली. एकदा म्हटलं, ताई, त्यांना आधी सांगा. तिनं पिशवीचे बंद बांधले आणि ती एसटी धरायला निघाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. बोलावणं होतं, पण त्यासाठी गेलो नाही. माझ्या हातून काय निघालं ते बघायला गेलो. अंगणात मांडव होता. फ्रेम खुर्चीवर ठेवलेली, उदबत्ती, आणि फ्रेमला झेंडूचा खरा हार. हार ओघळून बरोबर आठव्या ओळीवर आला होता. तो माणूस बाजूला बसला होता आणि येणारा-जाणारा वाकला की हात घालून हार नीट करायचा. नीट म्हणजे तिथंच.

लोक जमल्यावर ती आतून आली. तिनं हार दोन्ही हातांनी उचलला आणि उदबत्तीजवळ खाली ठेवला.

"वाचून दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्यायले."

त्यानं चष्मा लावला. बोट ठेवलं. पहिली ओळ, दुसरी, आवाज चांगला होता त्याचा, रोजची सवय. सातवी संपली. बोट आठवीवर आलं आणि सरकायला लागलं. तिनं त्याच्या बोटावर आपलं बोट दाबून धरलं.

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघून वाचलं, एकेक शब्द सुटा करत, पहिलीतलं पोर वाचतं तसं. "उद्याच" या शब्दावर थांबला, परत मागे जाऊन ओळ पहिल्यापासून वाचली, आणि पूर्ण केली. पुढच्या तीन ओळी त्याला वाचता आल्या नाहीत. त्या तिनं म्हटल्या, न बघता, पाठ होत्या तिला.

मग तिनं बोट उचललं आणि बायांना म्हणाली, "पानं वाढा आता. कढी निवून राह्यली."

तो तिथंच बसून होता. मी न जेवताच निघालो. आता कोणी पत्र आणलं की मी कागद सुलटा धरतो आणि आधी पूर्ण वाचून काढतो, मग काम घेतो.