दोन शाळा, एक रेषा

वत्सलाबाई गांगुर्डे वजनकाट्यावर कधी आंधळा विश्वास ठेवत नसत. रोज सकाळी शाळा भरण्याआधी त्या पाच किलोचं वजन काट्यावर ठेवत आणि आकडा बरोबर आला तरच पहिल्या मुलाला बोलावत. बूट, दप्तर, खिशातल्या गोट्या, सगळं बाहेर. उंची मोजताना मुलींना अंबाडा सोडायला लावत. "केसांची उंची मला नको, तुझी हवी," हे त्यांचं वाक्य गंगापूर रोडच्या शाळेत पोरांनी पाठ केलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांची नक्कलही व्हायची.

वत्सलाबाई एका शिक्षणसंस्थेच्या नर्स होत्या. संस्थेच्या दोन शाळा: एक नाशिकला गंगापूर रोडवर, दुसरी पेठ या तालुक्याच्या गावी, वसतिगृहासह. दोन्हीकडे वर्षातून दोनदा सगळ्या मुलांची उंची आणि वजन घ्यायचं, त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढायचा आणि वयाच्या तक्त्यावर पाहायचं, मूल फार बारीक आहे की अंगाने जास्त. बारीक ठरलेल्याला दुपारी अंडं आणि केळं मिळे. जास्त ठरलेल्याला डॉक्टरांकडे पाठवलं जाई.

तक्ते दोन होते. एक जागतिक आरोग्य संघटनेचा, तो संस्थेच्या संगणकात आधीच भरलेला होता. दुसरा भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या मापांवरून काढलेला. तो शाळेत येणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. धम्मपाल यांनी वत्सलाबाईंच्या टेबलाच्या काचेखाली स्वतः सरकवला होता. कारण होतं आरोही नावाची आठवीतली मुलगी. संगणकाच्या हिशेबाने ती ठीक होती, पण तिच्या मानेवर मधुमेहाची चाहूल देणारा काळपट, जाडसर पट्टा दिसत होता आणि घरात दोघांना मधुमेह. भारतीय तक्त्याने तिला जास्त वजनाची ठरवलं. तपासणीत साखर सीमेवर निघाली. वेळेत कळलं म्हणून तिची आई उज्वला आजही रस्त्यात भेटली की थांबते.

तेव्हापासून गंगापूर रोडला वत्सलाबाई भारतीय तक्ता वापरू लागल्या. पेठला मात्र त्यांनी संगणकातलाच तक्ता चालू ठेवला. त्याने बारीक मुलं जास्त निघत आणि अंडी जास्त पोरांना मिळत. यात काही वावगं आहे, असं त्यांना वाटलं नाही. इथे लठ्ठपणा पकडायचा, तिथे पोट भरायचं. ज्या गावाला जे लागतं ते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

जूनमध्ये पायल पेठहून नाशिकला आली. अकरा वर्षांची, सहावीत. गंगापूर रोडला साडीच्या दुकानात काम करणारी तिची मावशी लंकाबाई, तिच्याकडे ती राहू लागली. वत्सलाबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, उंची घेतली. बीएमआय साडेतेराच्या जरा वर. तक्ता पाहिला आणि नावापुढे 'ठीक' लिहिलं. पायलचं अंडं-केळं बंद झालं.

चार दिवसांनी लंकाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. भांडायला आली नव्हती. ती वत्सलाबाईंना नीटच म्हणाली, "सिस्टर, एक इचारू का? पोर तीच, वजन तेच. एस्टीत बसून आली ती बरी होऊनच उतरली व्हय?"

वत्सलाबाईंनी पेठची नोंद उघडली. उंचीत आणि वजनात नावापुरताच फरक होता, बीएमआय तोच. तिथे 'कृश', इथे 'ठीक'. जागतिक तक्त्यावर ती खालच्या रेषेच्या खाली होती, भारतीय तक्त्यावर वर. फरक पायलमध्ये नव्हता, त्यांच्या टेबलांमध्ये होता. रोज काटा तपासणाऱ्या बाईने दोन शाळांना दोन मापं लावली होती.

त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी वर्षाचा अहवाल मागितला. त्यात लिहिलं होतं की पेठची मुलं गंगापूर रोडच्या मुलांहून कितीतरी जास्त कृश, आणि नाशिककर मुलं कितीतरी जास्त जाड. संस्थेचे सचिव शेखरराव तो अहवाल सभेत वाचून दाखवणार होते.

"फरक खराच असेल," डॉक्टर म्हणाले, "पण किती खरा आणि किती आपल्या तक्त्यांचा, हे आता कोण सांगणार?"

"मग दोन्हीकडे जागतिक लावू. जगभर तोच चालतो," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर पेठचीच पोरं होती.

"मग आरोहीसारख्या सुटतील. आपल्या मुलांच्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते, म्हणून आपल्या तक्त्यात जास्त वजनाची रेषा खाली धरलेली आहे. जागतिक तक्ता दुसऱ्या देशांशी तुलना करायला चांगला आहे. पण समोरचं मूल आपलं आहे."

"आणि खालची रेषा? आपलीच पोरं बारीक, म्हणून आपल्या तक्त्यात बारीकपणाच ठीक ठरत असेल तर?"

ही शंका खोटी नाही, हे डॉक्टरांनी मान्य केलं. त्यावर डॉक्टरांमध्येही वाद आहेत. जागतिक तक्ता आपल्या मुलांना उगाच कृश ठरवतो असं काहींचं म्हणणं, आपला तक्ता काही खरोखर अशक्त मुलं लपवतो असं दुसऱ्यांचं. "निर्दोष तक्ता माझ्याकडे नाही, सिस्टर. पण एकच लावा. आणि अंडं रेषेच्या हाती देऊ नका. रेषेच्या आसपासचं प्रत्येक मूल मला दाखवा. सहा महिन्यांत वजन वाढलं का, हे रेषेपेक्षा जास्त सांगतं."

वत्सलाबाईंनी शेखररावांना जाऊन सांगितलं की अहवाल चुकला आहे आणि चूक माझी आहे. शेखरराव नाराज झाले, पण सभा पुढे ढकलली. दोन्ही शाळांची मापं भारतीय तक्त्यावर पुन्हा लावली. बाहेरच्या तुलनेसाठी जागतिक तक्त्याचं वेगळं पान जोडलं, दोन्ही शाळांचं सारख्याच रीतीने. अपेक्षेप्रमाणे पेठच्या कृश मुलांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. वत्सलाबाईंनी एकच विनंती केली: डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत कुणाचंही ताट बदलायचं नाही. ती मान्य झाली.

पेठला वसतिगृहाची स्वयंपाकीण शकुबाई चुलीपाशी बसून वत्सलाबाईंकडून सगळं ऐकत होती. "म्हंजी पोरं रातीत जाडी झाली का, बाई?"

"नाही गं. मीच दोन पट्ट्यांनी मोजत होते."

"मंग अंडं कुनाला?"

"आत्ता जुन्या यादीतल्या सगळ्यांना. डॉक्टर आले की ते एकेकाला बघतील."

"बघू द्या. पर उपाशी पोटी नको बघायला," शकुबाई म्हणाली आणि कढईत पळी फिरवू लागली.

डॉक्टर दोन दिवस पेठला राहिले. कागदावर 'ठीक' झालेल्यांपैकी बरीच मुलं यादीतच राहिली, कारण त्यांचं वजन गेल्या पावसाळ्यापासून थांबलं होतं. काही नुसती काटक निघाली, खेळणारी, वाढणारी. त्यांचं अंडं थांबलं. त्यांतल्या एकाने वत्सलाबाईंकडे असं पाहिलं की त्यांना ती नजर बरेच दिवस जाणवत राहिली.

पायलला त्यांनी नाशिकलाच डॉक्टरांसमोर उभं केलं. डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट होत्या, आणि मागच्या मापापासून वजन फारसं हललं नव्हतं. तिचं अंडं-केळं पुन्हा सुरू झालं, रक्तवाढीच्या गोळ्याही. हे तक्त्यामुळे झालं नाही, तपासल्यामुळे झालं, असं वत्सलाबाईंनी लंकाबाईला स्वतः जाऊन सांगितलं.

"मंजे मी इचारलं ते बरं केलं," लंकाबाई म्हणाली.

"बरंच केलंस."

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी पेठच्या संगणकातला तक्ता बदलून घेतला आणि टेबलाच्या काचेखालच्या कागदाची एक प्रत तिकडे पाठवली. महिन्याभराने त्यांनी नेहमीप्रमाणे पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि वाढ बघायला पायलला हाक मारली. "वेणी सोड गं," त्या म्हणाल्या.