बांधून राहिलो

माझ्या थोरल्या जावेच्या हातचं वास्त्याचं लोणचं एकदा ज्याने खाल्लं, त्याचा पुन्हा फोन येतोच. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्या गोंदियाकडच्या देवरीच्या बाजारात पावसाळ्यात ते ढिगाने येतात आणि बाकीची घरं त्यांची भाजी करून मोकळी होतात. माझी जाऊ मात्र ते बारीक चिरते, पाण्यात ठेवून कडवटपणा काढते आणि तेल-मोहरीत घालून काचेच्या बरण्या भरते. प्लास्टिकचा डबा तिला चालत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं तर म्हणाली, "त्यात लोनच्याले डब्याचा वास लागते. तुले खायचा असन तं तू खा."

कोणी नागपूरला निघालं की त्याच्या पिशवीत दोन बरण्या कोंबायच्या, एवढाच आमचा धंदा होता. मग पुण्याच्या एका बाईंनी लोणचं चाखलं. त्या दिवाळीला भेटीचे डबे पाठवण्याचं काम करतात. दोन बरण्यांची एकेक जोडी त्यांच्या गिऱ्हाइकांच्या घरी परस्पर पोचवाल का, असं त्यांनी विचारलं. पोचवू, असं मी ताडकन सांगून टाकलं. कसं पोचवणार याचा विचार फोन ठेवल्यावर सुरू झाला.

भासऱ्यांचा, म्हणजे जावेच्या नवऱ्याचा, या सगळ्यावर विश्वास नव्हता. लोणच्याची खोली मुळात धानाच्या पोत्यांची. त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "हलका धान येईवरी खोली तुमची. जमला तं जमला, नाई तं पोते अंदर." हलका धान म्हणजे लवकर कापणीला येणारा, दिवाळीच्या सुमाराचा. जावेच्या हातून त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. ती खोली गेली असती तर तिचं लोणचं पुन्हा सणासुदीला शेजारी वाटण्यापुरतं उरलं असतं, आणि हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही पुण्याला होतो आणि मी तिथे एका ऑफिसात काम केलं होतं. त्यामुळे घरातलं फोनचं, फॉर्मचं, भांडणाचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं. भांडणाचं तर मी आनंदाने घेते. कुरिअर निवडायचं काम म्हणूनच माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं, दर विचारायचे आणि जो स्वस्त त्याला द्यायचं. पहिल्या कंपनीच्या माणसाने तर "पूरा महाराष्ट्र कव्हर है, मॅडम" म्हणून मला गारच केलं. मी पुण्याच्या बाईंच्या यादीतले पिनकोड एकेक करून त्यांच्या साइटवर टाकले. जवळजवळ सगळीकडे पार्सल पोचत होतं. मग आपला देवरीचा टाकला, तर पोचवणं होतं, उचलणं नव्हतं! म्हणजे आमच्या दारात ते सामान आणून देणार, पण आमच्या दारातून नेणार नाहीत. आमचं लोणचं आम्हीच गोंदियाला त्यांच्या ऑफिसात नेऊन द्यायचं. अर्धा दिवस बसमध्ये, मांडीवर काच. पूरा महाराष्ट्र म्हणे!

दुसरी कंपनी लहान. त्यांची गाडी रोज हायवेने देवरीवरून नागपूरला जाते आणि वाटेत माल उचलते. कोकणातली आणि मेळघाटातली काही गावं त्यांच्याकडे नव्हती. तेवढी पार्सलं टपालाने पाठवायची असं मी ठरवलं. तिसऱ्या कंपनीला देवरी नकाशावर सापडेना, म्हणून तिला मीही सोडून दिलं.

मग वजनाचा घोळ. भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतं. पाव किलो लोणचं, त्यात काचेची बरणी, वर खोका आणि आतलं तणस धरलं की एकटी बरणी साडेपाचशे ग्रॅम भरायची. अर्ध्या किलोच्या वर पन्नास ग्रॅम गेले की भाडं पूर्ण किलोचं. एकाच खोक्यातली जोडी मात्र कशीबशी किलोच्या आत बसत होती, म्हणून पुण्याच्या बाईंची जोडीची कल्पना आमच्या पथ्यावरच पडली. पण जावेने काळजीपोटी मोठा खोका घेऊन त्यात भाराभर तणस कोंबलं. तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. आमच्याकडे अंड्यांपासून आंब्यांपर्यंत सगळं त्यातच ठेवतात. वजन काट्यावर फारसं वाढलं नाही, तरी गोंदियाला नेऊन दिलेल्या पहिल्याच पार्सलाचं बिल दीड किलोचं आलं. मी फोनवर कडाकडा भांडले. तेव्हा कळलं, हे लोक खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, पाच हजारांनी भागतात आणि येणारा आकडा वजनापेक्षा मोठा असला तर त्याचं भाडं लावतात. हलक्या मोठ्या खोक्याला गाडीत जागा लागते, त्या जागेचं ते भाडं.

जावेला मी हे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे हवेचाबी पैसा?"

"हवेचाच, बाई."

तिने लहान खोके मागवले, तणस बारीक तोडलं आणि दोन बरण्यांच्या मध्ये इतकं दाबून बसवलं की खोका हलवला तरी आतून आवाज येऊ नये.

त्यानंतर आम्ही दोन्ही कंपन्यांकडून सारखीच पार्सलं नातेवाइकांना पाठवून पाहिली. पहिल्या कंपनीकडून गेलेल्यांपैकी दोन बरण्या फुटल्या. माझ्या बहिणीने तेलाने माखलेल्या खोक्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, वास छान येतोय. भरपाई मागितली तर पॅकिंग कमी होतं असं उत्तर आलं. दुसरीकडून गेलेल्या सगळ्या धड पोचल्या. ते नशीब की रीत, हे बघायला मी चौकातल्या औषधांच्या दुकानात गेले, कारण त्यांच्याकडे काचेच्या बाटल्या याच लहान कंपनीने येतात. दुकानदार म्हणाले, "बॉक्स हमेशा सूखा आता है, भाभी." कारणही साधं होतं. यांचा माल देवरीला चढला की थेट नागपूरलाच उतरतो. पहिल्या कंपनीचा गोंदियाला एकदा उतरतो, चढतो, मग पुन्हा नागपूरला. जितके हात जास्त, तितकी आपटाआपट जास्त.

एवढं सगळं झाल्यावर लहान कंपनीच घ्यायची हे उघडच होतं. पण ती उचलायलाच येईना! नमुन्याची पार्सलं न्यायला गाडी आली होती, तेव्हा शाळेला सुट्टी असल्याने फोन मी घेतला होता. सकाळी पुण्याहून त्यांच्या ऑफिसचा फोन यायचा. फोन जाऊ घ्यायची, कारण मी तेव्हा मुलांच्या शाळेच्या गडबडीत. दुपारी आम्ही बांधलेले खोके ओसरीवर मांडून बसायचो आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: माल तयार नसल्याने पिकअप रद्द. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं. डोळ्यांसमोर खोके, आणि हे म्हणतात तयार नाही! भासरे येता-जाता आधी खोक्यांकडे आणि मग खोलीच्या दाराकडे बघायचे. त्या बघण्याचा मला जास्त राग यायचा.

शेवटी मी ठरवलं, फुटल्या तर फुटल्या, पण निघतील तरी. पहिल्या कंपनीकडेच जायचं आणि रोज गोंदिया गाठायचं. तत्पूर्वी लहान कंपनीला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, म्हणून फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तुम्ही सगळे खोटारडे, असं मी तिला सुनावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मॅडम, मीच रोज फोन करते. तुमच्याकडच्या काकूच सांगतात, पॅकिंग राहिलंय म्हणून."

"शक्यच नाही. शब्द काय होते त्यांचे?"

"मी विचारलं, पार्सल बांधून झालं का? तर म्हणाल्या, बांधून राहिलो."

"मग?"

"मग राहिलंच ना, मॅडम."

मी तिला फोनवरच दोन्हीकडचा अर्थ सांगू लागले. आमच्याकडे बांधून राहिलो म्हणजे या घडीला हात चालू आहेत, चिकटपट्टी लावतोय, आत्ता होईल. पुण्याला जेवायचं राहिलं म्हणजे माणूस उपाशी. मी इतकी वर्षं पुण्यात काढली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण घरी आल्यावर मीही राहिलोच म्हणते. आधी मला हसू फुटलं. मग तीही हसली आणि म्हणाली, "अहो, त्या एकदा म्हणाल्या, आम्ही वाट पाहून राहिलो. मला वाटलं, वाट पाहायचीही राहिली!"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हायवेला उभी राहून गाडी थांबवली. ड्रायव्हर आमगावकडचा, म्हणजे आमच्याच बोलीचा, होता. "मी तं रोज तुमच्याच दारावरून जाऊन राहिलो," तो म्हणाला. "पुन्याहून मेसेज येते, देवरी कॅन्सल. मी कायले थांबू?" म्हणजे गाडी वेळेवर होती, माणूसही नेमाचा होता. मधे फक्त एक शब्द अडकला होता.

जावेला मी सांगितलं, उद्यापासून फोनवर तयार आहे एवढंच म्हणा. ती बिथरलीच. "काऊन? तयार नाई तं तयार कायले म्हनू? मी खोटी नाई बोलत." मग मीच त्या मुलीला पुन्हा फोन केला. तिने आमच्या खात्यावर सूचना लिहून टाकली की देवरीला न विचारता गाडी थांबवायची. आम्ही आणखी दोन दिवस थोडी थोडी पार्सलं देऊन पाहिली. दोन्ही दिवस गाडी आली. तरी माझ्या मनात धाकधूक होती, कारण ऐन दिवाळीत एकदा जरी चुकली असती तर पुण्याच्या बाईंनी पुन्हा विचारलं नसतं. मी जावेला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "न येनारी गाडी फोन केल्यानं येते. फुटली बरनी फोन केल्यानं जुडते का?"

दिवाळीचा सगळा माल आम्ही त्या गाडीत चढवला. ड्रायव्हरने खोके उभे ठेवले तेव्हा जाऊ त्याच्या मागे उभी राहून प्रत्येकाला हात लावत होती. पुढचे काही दिवस फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. मग पुण्याच्या बाईंचा आला. एका बरणीचं झाकण सैल निघालं, ते आम्हीच नीट लावलं नव्हतं. बाकी सगळं धड. संक्रांतीला पुन्हा हवंय, म्हणाल्या. मी जावेला मिठी मारली तर ती म्हणाली, "सोड वो, हात तेलाचे हायेत," पण तिने स्वतः मला सोडलं नाही.

त्याच आठवड्यात धान आलं. भासरे ट्रॅक्टर घेऊन दारात आले, पोती उतरवणारे गडी सवयीने खोलीकडे वळले. जाऊ दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही. भासऱ्यांनी तिच्याकडे आणि तिच्यामागच्या बरण्यांकडे पाहिलं.

"अंदर नोको," ते गड्यांना म्हणाले. "छपरीत टाका, वरून ताडपत्री घाला."

मग ट्रॅक्टरकडे परत जाता जाता ते मला विचारू लागले, "तुमची गाडी कितीले येते?"

"येईलच आता," मी म्हटलं.

त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि गाडीला दारापाशी लागता येईल इतकी जागा सोडून तो बाजूला घेतला.