मावशीचा पत्ता

आयुष्यभर दुसऱ्यांचं टाइप केलं, स्वतःचं असं काही लिहिलं नाही. त्यामुळे हे जमेल की नाही, शंकाच आहे. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.

कोर्टात आम्ही सगळे त्याला समन्सराव म्हणायचो. तो बेलिफ होता. एकतीस वर्षं लोकांच्या दारात समन्स आणि नोटिसा पोचवल्या. त्याला पाहिलं की माणसं मागच्या दाराने पसार व्हायची. तो म्हणायचा, "जावई म्हणून गेलो असतो तरी सासऱ्याने दार लावून घेतलं असतं." निवृत्तीनंतर मी कोर्टाच्या फाटकाजवळच्या पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसलो आणि तो दुपारी गप्पा मारायला येऊ लागला.

मग एका अपघातात त्याचा मुलगा आणि सून दोघं गेले. मागे आठ वर्षांची नात. गालावर तीळ, म्हणून तिला ठिपकी म्हणत. आईबाप दोघं नोकरीला, त्यामुळे ती तशीही तिसऱ्या वर्षापासून आजीआजोबांकडेच वाढलेली. आता कायमची तिथेच राहिली. अपघातानंतर पाच-सहा आठवडे ती आजीखेरीज कुणाशी बोलली नाही.

तिच्या कानाचं ऑपरेशन करायचं होतं. इस्पितळाने सांगितलं, आईवडील नाहीत तर कायदेशीर पालकाची सही लागेल, कोर्टाचा हुकूम आणा. त्याच्या वकिलाने अर्ज हाताने लिहून दिला आणि तो टाइप करायला समन्सराव माझ्याकडे आला.

अर्ज चांगला होता. मुलगी पाच वर्षं याच घरात आहे. शाळा दहा मिनिटांवर. तिला स्वतंत्र खाट आहे. आजी धडधाकट, आजोबांना निवृत्तिवेतन. तिच्या हिताच्या विरोधात जाईल असा अर्जदारांचा कुठलाही स्वार्थ नाही. शेवटी जवळच्या नातेवाइकांची नावं आणि पत्ते होते, कारण कोर्ट त्यांना नोटीस काढतं. सुनेच्या बाजूला एकच माणूस उरलं होतं, तिची धाकटी बहीण, दुसऱ्या गावात शिक्षिका.

पत्ता टाइप करताना माझा हात थांबला. अंत्यसंस्काराला ती आली तेव्हा नव्या घराबद्दल बोलत होती, ते मी ऐकलं होतं.

"ती या पत्त्यावर राहत नाही ना आता?"

"तू टाइप कर."

"अरे, पण नोटीस परत येईल."

"येऊ दे. मग दारावर चिकटवतील, पेपरात छापतील. पेपरातल्या नोटिसा कोण वाचतं? मी एकतीस वर्षं चिकटवल्यात, माहितीय मला. समोर कुणी उभंच नाही, तर हुकूम महिन्याभरात." मग खाली बघत म्हणाला, "ती पस्तिशीची आहे. स्वतःचं घर आहे. मी एकाहत्तरचा. न्यायाधीश कुणाकडे बघतील, सांग."

मी टाइप केलं.

सगळं त्याने म्हटल्याप्रमाणे झालं. नोटीस दारावर चिकटली, पेपरात आली. बालकल्याण अधिकारी घर बघून गेल्या. त्यांनी खाट पाहिली, औषधाचं कपाट पाहिलं, शाळेत चौकशी केली आणि चांगला अहवाल दिला. तिसऱ्या तारखेला हुकूम होणार, असं वकील म्हणाले. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

प्रकरण पुकारलं आणि दाराशी एक बाई उभी राहिली. ठिपकीची मावशी. जुन्या घरमालकाने दारावरच्या कागदाचा फोटो काढून तिला फोनवर पाठवला होता. माणसं भिंतीवरचं वाचत नाहीत, पण फोटो मात्र काढतात. समन्सरावच्या काळात हे नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी तिला बोलू दिलं. ती त्यांच्याशी कमी आणि समन्सरावशी जास्त बोलली.

"काका, ताई गेली तेव्हा आठ दिवस मी तुमच्याच स्वयंपाकघरात झोपले. निघताना माझा नवा पत्ता तुम्ही स्वतः वहीत लिहून घेतलात. एक फोन केला असतात तर येऊन संमतीची सही दिली असती. पोरगी तुमच्याकडेच राहावी असंच मला वाटत होतं."

"वाटत होतं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"आता नाही वाटत. चार महिने फोन करतेय. कधी ती झोपलेली असते, कधी शाळेत, कधी अंघोळीला. आज पत्ता लपवला, उद्या पोरगीच लपवतील."

समन्सरावला शपथेवर उभं केलं. त्याचे वकील हळूच म्हणाले, "विसरलो म्हणा. वय झालंय, चालून जाईल."

"नवा पत्ता तुम्हाला माहीत होता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"होता," तो म्हणाला.

"खरं सांगितलंत, ते मी लिहून घेते. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातच लिहिलं असतंत तर बरं झालं असतं." मग त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या सहीची परवानगी आत्ताच देते. ती पहिल्या तारखेलाही मागता आली असती."

तो माझ्याकडे वळून बघत राहिला. ज्या घाईपायी सगळं केलं, त्या घाईची गरजच नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. मावशीने स्वतःचा अर्ज दिला. तिकडचंही घर तपासलं गेलं. तिचा नवरा आणि दोन मुलं यांच्याशी अधिकारी बोलल्या. न्यायाधीशबाईंनी ठिपकीला आपल्या खोलीत एकटीला बसवून गप्पा मारल्या. त्या गप्पांतलं एक वाक्य निकालपत्रात आहे. नक्कल मीच त्याला वाचून दाखवली, त्याला स्वतः वाचवेना.

"मावशीचं नाव काढलं की आजोबा गप्प होतात, म्हणून मी काढत नाही."

निकालात लिहिलं होतं की नुसत्या वयामुळे आजीआजोबांना कुणी नाकारत नाही, त्यांच्या प्रेमाबद्दलही शंका नाही. पण आई गमावलेल्या मुलीला आईकडचं एकमेव माणूसही मनातल्या मनात ठेवावं लागत असेल, तर ते तिच्या हिताचं नाही. पालक म्हणून मावशीची नेमणूक झाली. शाळेचं वर्ष संपलं की ताबा. आजीआजोबांना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार आणि निम्मी सुट्टी.

"अपील करायचं?" मी विचारलं.

"कशाला? पुन्हा त्या खोलीत बसवतील तिला."

त्याची बायको त्याला एवढंच म्हणाली, "अहो, मला तरी विचारायचं होतं. मी केला असता फोन." त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ताब्याच्या दिवशी मीही गेलो. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या असतात. समन्सराव गुडघे छातीशी घेऊन त्यातल्या एकीवर बसला होता. आजी मावशीला सांगत होती, कानात पाणी जाऊ देऊ नकोस, रात्री दिवा सुरू ठेव, दूध कोमटच लागतं. मावशी मान हलवत होती, आणि दोघी रडत होत्या.

ठिपकी आजोबांपुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी तिकडून तुमचं नाव काढलं तर चालेल?"

त्याने मावशीकडे पाहिलं.

"रोज काढ," मावशी म्हणाली. "फोन लावून देईन."

समन्सराव उठू लागला, पण त्या खुर्चीतून त्याला धड उठता आलं नाही. मी हात दिला. अधिकारी बाईंनी कागद पुढे केला आणि दाखवलेल्या जागी त्याने सही केली. सहीखाली तारीख घालताना त्याने मला विचारलं, "आज शनिवार नाही ना?"

"बुधवार," मी म्हणालो.

"म्हणजे अजून दहा दिवस," तो म्हणाला, आणि बायको दाराशी थांबली होती तिकडे गेला.