कृष्णरावांची तपासणी

निशाने त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. वैशाली नगरातल्या शिबिरात ती लोकांची साखर तपासत होती आणि कृष्णराव रांगेत उभा होता. वय एकसष्ट, पोट पुढे आलेलं, बीपीची गोळी चालू, सख्ख्या भावाला मधुमेह. दवाखान्यातली तपासणीची नोकरी संपून त्याला सहा वर्षं झाली होती.

निशाची मोठी बहीण मोना सत्ताविसाव्या वर्षी बाळंत झाली, तेव्हा गरोदरपणात तिची साखर वाढली होती. बाळंतपणानंतरचा रिपोर्ट नॉर्मल आला. वर्षभराने ती निशाला सोबत घेऊन पुन्हा तपासायला गेली, तर याच माणसाने तिला परत पाठवलं. तिशीच्या आत तपासणी नाही, रिपोर्टही नॉर्मल आहे, असं सांगून. खरं तर अशा बाईची साखर जन्मभर तपासत राहायची असते, निदान तीन वर्षांतून एकदा. मोनाला काही त्रास होत नव्हता, म्हणून ती पुन्हा गेलीच नाही. पस्तिसाव्या वर्षी, न कळता वाढलेल्या साखरेने, तिच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तो डोळा गेला.

कृष्णरावाने जुना रिपोर्ट पुढे केला. चौदा महिन्यांपूर्वीचा, नॉर्मल.

"नॉर्मल आहे न," निशा म्हणाली. "मंग तीन वर्षांनी या."

तो रिपोर्टची घडी करून निघून गेला. तीन वर्षं ही धोका नसलेल्यांसाठी. याच्यासारख्याची तपासणी दरवर्षी करायची, हे तिला पाठ होतं. तरी तिला बरं वाटलं. तीन दिवस ती त्या सुखात होती. त्याचे डोळे कसे जातील, तो भिंत चाचपत कसा चालेल, हे ती कामं करता करता बघत होती.

चौथ्या दिवशी तिच्या मनात आलं की हा आंधळा झाला तरी कशामुळे झाला, हे त्याला कधी कळणारच नाही. ते त्याला कळायलाच हवं होतं. पाचव्या दिवशी सकाळी शिबिराच्या वहीतून पत्ता काढून, मशीन घेऊन ती त्याच्या घरी गेली.

उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस, मधुमेहाच्या घरातली. त्याचा चेहरा उतरला. ही बोटाची तपासणी आहे, प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त देऊन खात्री करा, असं सांगून तिने चिठ्ठी लिहिली. मग त्याच्या समोर बसली आणि मोनाची सगळी हकीकत सांगितली. तारखेसकट.



"मले आठवत नाई, बाई," तो म्हणाला. "लई जणींले असंच सांगलं असंल मी."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, म्हणून तिचा राग आणखीच पेटला. तिने चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली.

"त्यातली एक माही बहीण होती," ती म्हणाली. "हे तरी ध्यानात ठेवा."

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. निशाने कप हातात घेतला नाही.