लॉक तुटलेलं कार्ड आणि आमचे भावोजी

आमच्या भावोजींना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. ते माझे थोरले दीर. सत्तावीस वर्षं एका गोदामात हजेरी लिहायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर चार वर्षांपूर्वी, म्हणजे माझे हे गेल्यानंतर पंधराव्या दिवशी, आमच्या स्टुडिओत येऊन खुर्चीवर बसले. "आता मी आहे ना," असं म्हणाले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. नंतर कळलं की ते खरंच फक्त आहेत.

गिऱ्हाइकांनी त्यांना 'साहेब' म्हणावं असा त्यांचा आग्रह असतो. गळ्यात कॅमेरा अडकवून ते दारात उभे राहतात, जाणारे येणारे बघतात, आणि पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या माणसाला हनुवटी वर, हनुवटी खाली असं इतका वेळ सांगत बसतात की शेवटी त्याचा चेहरा गुन्हेगारासारखा होतो. मग तो चेहरा संगणकावर सुधारायला माझ्याकडे येतो. पडद्यामागची खोली माझी. फोटो उतरवून घेणं, डाग काढणं, छापणं, कापणं हे सगळं मी करते. बटण दाबायचं काम त्यांचं, आणि फुशारकीही त्यांची.

कार्डांची पद्धत मात्र ह्यांची होती, आणि ती भावोजींसारख्या माणसालाही जमेल इतकी सोपी होती. आमच्याकडे चार एसडी कार्डं, चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेली. फोटो काढून झाले की कार्डाच्या कडेचं बारीक सरकतं लॉक खाली ओढायचं आणि कार्ड डबीत टाकायचं. मी ते फोटो संगणकावर आणि दुसऱ्या डिस्कवर उतरवले की लॉक पुन्हा वर करायचं. पुढच्या वेळी कार्ड कॅमेऱ्यात घातल्यावर कॅमेरा 'कार्ड लॉक आहे' म्हणाला तर ते भरलेलं, बाहेर काढा. काही म्हणाला नाही तर रिकामं, फॉरमॅट करा आणि कामाला लागा. "आपण डोकं चालवायचं नाही, कॅमेऱ्याला विचारायचं," असं हे म्हणायचे. डोकं न चालवण्याचा भाग भावोजींनी लगेच आत्मसात केला.

लॉकचा तो कपटा नखाएवढाही नसतो. भावोजी तो किल्लीने ढकलायचे. मी दहा वेळा सांगितलं, नखाने हळू करा. "अगं, नखं कापलीत," हे उत्तर. एका सोमवारी एका कार्डाचा कपटा आधी ढिला झाला, कार्ड कॅमेऱ्यात सारताना आपोआप खाली घसरायला लागला, आणि दुपारपर्यंत निघून कुठेतरी फरशीवर पडला. त्यानंतर कार्ड कसंही घाला, कॅमेरा 'लॉक आहे' एवढंच म्हणायचा.

भावोजींनी मग अकलेचे तारे तोडायला सुरुवात केली. आधी कार्डावर फुंकर मारली. मग म्हणाले व्हायरस आहे. मग त्यांच्या कुठल्याशा मित्राला फोन करून लॉक उघडायचं सॉफ्टवेअर मागवलं. शेवटी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणि काडेपेटीतली काडी घेऊन माझ्यासमोर आले.

"काडीचा तुकडा कापतो आणि चिकटवतो. झालं लॉक."

"आणि गोंद कॅमेऱ्याच्या खाचेत गेला तर कार्डाबरोबर कॅमेराही टाकून द्यायचा का?" मी म्हटलं.

"तुला प्रत्येक गोष्टीत शंका."

मी ट्यूब काढून घेतली आणि त्यांना समजावलं. कशाला समजावलं, देव जाणे. म्हटलं, भावोजी, कार्डाला स्वतःला काही माहीत नसतं. आत कुलूप वगैरे काही नाही. कॅमेऱ्याच्या खाचेत एक छोटं बटण असतं, ते कार्डाच्या कडेला चाचपून बघतं. कपटा वर असला की तिथली खाच बुजलेली लागते, म्हणजे लिहायला परवानगी. कपटा खाली असो की तुटून पडलेला असो, खाच मोकळी लागते, म्हणजे बंदी. सॉफ्टवेअर काय करणार त्याला? आणि बंदी लिहायला असते, वाचायला नाही. आतले फोटो आधी उतरवून घेता येतात.

त्यांनी मान डोलावली. गोदामातही ते अशीच डोलावत असणार.

मी कार्ड संगणकाला लावलं, सगळे फोटो उतरवले, उघडून तपासले. मग पातळ पारदर्शक चिकटपट्टीचा अगदी बारका तुकडा कापला आणि कपटा जिथे वर असायचा तिथे, खाचेवरून कडेला गुंडाळून बसवला. मागच्या सोनेरी पट्ट्यांना तो लागू दिला नाही, जाड होऊ दिला नाही, कडा नखाने दाबून घेतल्या. पट्टी खाचेत सुटली तर कार्ड आत अडकतं. कॅमेऱ्यात घातलं, एक फोटो काढून बघितला. चाललं. ही तात्पुरती डागडुजी होती, नवीन कार्ड आलं की हे फेकून द्यायचं असं मी मनाशी ठरवलं.

"आता चालेल," मी कार्ड त्यांच्या हातात देत म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्या शनिवारी एक ताई आल्या. बरोबर पाच भाऊ आणि नव्वदीची आई. ताई आधी दोनदा एकट्याच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे मला सगळं माहीत होतं. पाच भावांचं एकमेकांशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण आता त्यांनाही धड आठवत नव्हतं, पण अबोला रोज न चुकता पाळत होते. दोघं परदेशात, बाकीचे तिघं तीन शहरांत. आईला पाचही जण एका फोटोत हवे होते, आणि ताईंनी ते जमवून आणलं होतं. कुणाला आईची तब्येत सांगितली, कुणाला रडून दाखवलं, एकाला तर दुसरा येणार नाही असं चक्क खोटं सांगितलं. रविवारी पहाटेपासून सगळे परत जाणार होते.

"एवढा एक फोटो निघाला की माझं झालं," त्या म्हणाल्या. "परत नाही जमायचे हे. आईसाठी सुद्धा नाही."

माझी दाढ ठणकत होती. भावोजींनी पाच जणांना आईच्या खुर्चीमागे उभं केलं, तेवढं बघून मी चार वाजता घरी निघाले. रोज संध्याकाळी कार्डं उतरवते, त्या दिवशी उतरवली नाहीत. रविवारी स्टुडिओ बंद होता.

सोमवारी मी पोचले तेव्हा भावोजी खुशीत होते. सकाळी सकाळी दोन गिऱ्हाइकं झाली म्हणे, पासपोर्टची. मी डबी उघडली. तीन कार्डं होती, तिन्ही आधीच उतरवलेली.

"परवाचा ग्रुप कुठल्या कार्डावर आहे?"

"त्यातच असेल की."

"त्यात नाहीये."

त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पहिल्यांदा बघितला. कॅमेऱ्यात पट्टी लावलेलं कार्ड होतं. त्यावर आठ फोटो होते, दोन अनोळखी माणसांचे, हनुवटी वर आणि हनुवटी खाली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ह्यांच्या स्टुडिओत तुम्ही चांगले दिवे लावलेत, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. भावोजी ऐकून घेत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "पण कॅमेरा लॉक म्हणाला नाही गं. नाही म्हणाला म्हणजे रिकामंच ना? तसंच ना ते?"

तसंच होतं. चार वर्षांत त्यांनी ह्यांची पद्धत जिथे तिथे मोडली होती आणि नेमकी त्या सकाळी तंतोतंत पाळली होती. पट्टी लावलेलं कार्ड कधीच 'लॉक आहे' म्हणणार नव्हतं, भरलेलं असलं तरी नाही. त्याला लॉक उरलंच नव्हतं. पट्टी मी लावली होती आणि हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच सुचलं नव्हतं. मी त्यांना 'हो, तसंच' म्हणायला हवं होतं. उलट जास्तच चिडले.

कार्ड बाहेर काढून मी आधी पट्टी सोलून टाकली. आता त्याच्यावर कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. फॉरमॅट केल्यावर फोटो लगेच जात नाहीत, फक्त त्यांची यादी पुसली जाते. नवीन फोटो जागेवर येऊन बसले की जुने खरे जातात. कार्ड संगणकाला लावून पासपोर्टचे आठ फोटो उतरवले, मग हरवलेले फोटो शोधायचा प्रोग्राम चालवला, आणि सापडेल ते कार्डावर नाही तर संगणकात ठेवायला सांगितलं. भावोजी माझ्या मागे उभे होते.

ग्रुपचे नऊ फोटो होते. पहिले आठ गेले, पासपोर्टवाल्यांच्या हनुवट्यांखाली. मागच्या महिन्यातली बारशाची, निरोप समारंभाची कसली कसली चित्रं वर आली. आणि शेवटी नववा आला.

तो भावोजींनी काढलाच नव्हता. कॅमेरा तिपाईवरून उतरवताना त्यांचा हात लागून निघाला असणार. फोटो तिरका, कोपऱ्यात दिव्याची दांडी. पण त्यात पाचही जण होते. 'झालं' असं ऐकून सगळे सैल झाले होते आणि आई खुर्चीतून एकटीच उठायला निघाली होती. पाचही भाऊ एकदम तिच्याकडे वाकलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर पडलेला. ते बघून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"कोन बरा साधलाय," मागून भावोजी म्हणाले. असा हा माणूस.

मी तो सरळ केला, दांडी काढली, छापला. दुपारी ताई आल्या. येताना हसत होत्या. रविवारी सगळे गेले, म्हणाल्या, एकमेकांना न सांगता. मी ठरवलं होतं की भावोजी काय बोलतात ते आधी ऐकायचं. ते कार्डाला दोष देतील, मग पट्टीला, मग माझ्याकडे बोट दाखवतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"एकच निघाला ताई," भावोजी म्हणाले. "बाकीचे माझ्या हातून पुसले गेले. माझी चूक झाली."

ताईंनी फोटो हातात घेतला. एका हातावर दुसरा हात होता तिथे त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाल्या, "आईला हाच द्यायचा आहे." त्यांनी मलाही विचारलं, "वहिनी, तुम्ही होतात ना इथे? नक्की काय झालं हो?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिले.

"भावोजी म्हणतात तसंच," मी म्हटलं.

नवीन कार्ड दुसऱ्या दिवशी मीच आणलं, ते जुनं कात्रीने कापून टाकलं. भावोजी अजून दारात उभे राहतात, हनुवटी वर, हनुवटी खाली करतात, साहेब म्हणवून घेतात. त्यांना अजून काही कळत नाही, आणि मी त्यांना अजूनही बोलते. फक्त आता बोलताना मला मधेच थांबावं लागतं. मी का थांबले ते त्यांना कळतं, आणि तरी ते कधी काही म्हणत नाहीत, ते मला सहन होत नाही.