बिनलेबलाची पंचवीस

आमच्या ऑफिसात तिला चाळणीताई म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि चेष्टेत ठेवलं, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे मला आणखीही बरंच कबूल करायचं आहे.

आम्ही रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. माणसं तीस, खोल्या चार, कॉफीचं मशीन एक आणि तेही लहरी. मी तिथे बारा वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, त्यामुळे नव्या माणसाकडे बघून नाक मुरडण्याचा मला हक्क आहे असं मी समजत होतो. ताई आली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. त्याआधी बावीस वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड खोलीत केसपेपर लावायचं काम केलेलं. ते केसपेपर संगणकावर गेले, खोलीला कुलूप लागलं आणि ताई घरी बसली. घरी आजारी नवरा आणि शिकणारी मुलगी. आमच्या मॅनेजरने तिला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. "सहा महिन्यांनी बघू," असं त्याने सांगितलं होतं. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला घेण्याचं कारणही आमच्या अब्रूचं नव्हतं. प्रत्येक कामाची आम्ही संगणकावर नोंद करतो, तिला टास्क म्हणतो. असे तेवीसशे टास्क साठले होते. ज्या रुग्णालयाचं काम चालू होतं, तिथल्या लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायच्या, "माझ्या लॅबचं किती राहिलंय?" मॅनेजर सांगायचा चाळीस, मी सांगायचो साठ, टेस्टिंगवाली सांगायची शंभर. तिघंही आपापल्या परीने खरंच बोलत होतो.

पहिल्या दिवशी ताईने एक रेघांची वही काढली आणि टास्कवर चिकटवलेली सगळी लेबलं उतरवून घेतली. चारशे सतरा निघाली! 'प्रिंट', 'प्रिंटर', 'प्रिंटिंग' आणि 'प्रिंट-होत-नाही' ही चार वेगळी लेबलं होती. ज्याला जे सुचेल ते त्याने टाइप करायचं, आणि सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक शब्द नवीन समजून ठेवून द्यायचं. 'अर्जंट', 'फार-अर्जंट' आणि 'आतातरी-करा' ही तीन माझी देणगी होती.

एकाच कामाचे टास्क आम्ही एका नावाखाली बांधतो, त्या गठ्ठ्याला एपिक म्हणतो. वही घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. "हे 'किरकोळ' नावाचं एपिक तुझंच ना?"

"हो. का?"

"सहाशे टास्क आहेत त्यात. चार वर्षांपूर्वी सुरू केलंयस. संपणार कधी?"

"किरकोळ कामं कधी संपतात का, ताई?"

"मग ते एपिक नाही रे. ती अडगळीची खोली आहे."

शेजारचे फिदीफिदी हसले. माझा पारा चढला. मी म्हटलं, बाईंना वर्गीकरणाची फार हौस दिसते, चाळणीच आहे! आणि नाव पडलं.

तिने मनावर घेतलं नाही. प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, हे टास्क कुठलं, कशासाठी, आणि याची काळजी कोणाला? हळूहळू तिने सगळ्याची घडी बसवली. कंपोनंट म्हणजे घरातल्या खोल्या: नोंदणी, लॅब, औषधं, बिलं. कामं येतात, जातात, खोली तिथेच राहते. प्रत्येक खोलीला एक राखणदार. त्या कंपोनंटमध्ये नवं टास्क पडलं की ते आपोआप त्याच्या नावावर जायचं. लॅबचा राखणदार मी. एपिक म्हणजे एखादं मोठं काम, ज्याला सुरुवात आहे आणि शेवट असलाच पाहिजे. 'पहिल्या रुग्णालयात लॅब सुरू करणे' हे तसलं. टास्क एका वेळी एकाच एपिकमध्ये, दोन दगडांवर पाय ठेवायचा नाही. आणि लेबल म्हणजे चिठ्ठी, कुठल्याही खोलीतल्या कुठल्याही वस्तूला लावता येईल अशी. चारशे सतराची तिने नऊ केली. 'रुग्णाला-धोका', 'पुढे-ढकललेलं', 'रुग्णालयाची-मागणी' अशी. ती छापून भिंतीवर लावली आणि खाली लिहिलं, दहावं हवं असल्यास आधी मला विचारा.

मी विचारलं नाही. पण मी नऊही लावत नव्हतो. टेस्टिंगवाली नवं टास्क टाकताना कंपोनंट आणि एपिक भरायची. जुन्या टास्कना ताईने स्वतःच चिठ्ठ्या लावल्या होत्या, नव्यांना राखणदाराने लावायच्या असं ठरलं होतं. ताई आठवड्यातून दोनदा आठवण करायची. मी म्हणायचो, "लावतो हो, पळून जातायत का?" आणि पुढच्या कामाला लागायचो. माझ्यासारख्या जुन्या माणसाने चिठ्ठ्या चिकटवत बसायचं, हे माझ्या गळी उतरत नव्हतं.

साडेपाच महिने झाले. सोमवारी रुग्णालयात लॅब सुरू व्हायची होती. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी अकराला डॉक्टरबाई शेवटचं बघायला येणार होत्या. बुधवारी मॅनेजरने ताईला सांगितलं, "लॅब कंपोनंट, हे एपिक, अजून न झालेले टास्क, असा फिल्टर लाव. आणि जे आपण पुढे ढकललेत ते त्यातून काढ, उगाच त्यांच्या डोळ्यांत यायला नको." तिने लावला. दोन टास्क आले. मॅनेजर इतका खूश झाला की माझ्यासमोरच म्हणाला, "वा! आता हे आपलं आपणच चालेल. करार संपायला पंधरा दिवस आहेत ना तुझे?"

ताई "हो" म्हणाली आणि वही मिटली. मला वाईट वाटलं, पण मी माझं काम उघडून बसलो.

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत पडद्यावर ते दोन टास्क झळकत होते. डॉक्टरबाई चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या. पासष्टीच्या, कमी बोलणाऱ्या. "दोनच?" त्यांनी विचारलं.

"दोनच," मॅनेजर म्हणाला. "सोमवारी बिनधास्त सुरू करा."

ताई कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसली होती. ती लिहीत नव्हती, वहीत आकडे मांडत होती. नंतर तिने मला सांगितलं, की रेकॉर्ड खोलीत ती रोज संध्याकाळी कपाटातले केसपेपर आणि रजिस्टरमधल्या नोंदी ताडून बघायची. बेरीज जुळल्याशिवाय घरी जायची नाही. तीच खोड. तिची मान वर झाली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिच्यापुढे काय होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पंधरा दिवसांनी तिची नोकरी ठेवायची की नाही ते ठरवणारा माणूस पडद्याशेजारी उभा होता, त्याने नुकतंच 'बिनधास्त' म्हटलं होतं, आणि फिल्टर तिने स्वतः लावलेला होता. ती गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

ती उभी राहिली. "थांबा. ही यादी मी केली आहे, आणि ती चुकली आहे."

मॅनेजर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "ताई, नंतर बोलू."

"नंतर नको, साहेब. या एपिकमध्ये लॅबचे दोनशे चौदा टास्क आहेत. एकशे शहात्तर झाले. अडतीस उरले. त्यांतले अकरा आपण पुढे ढकलले. सत्तावीस दिसायला हवेत, दिसतात दोन. पंचवीस कुठे गेले?"

पंचवीस कुठे गेले ते मला तत्क्षणी कळलं.

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "मी याला सांगितलं, ज्यांचं लेबल 'पुढे-ढकललेलं' नाही ते दाखव. मला वाटलं, बाकीचे सगळे दाखवील. पण हा ज्यांना काहीतरी लेबल आहे त्यांच्यातच बघतो. ज्यांना लेबलच नाही, ते न सांगता गाळतो. हे मला माहीत असायला हवं होतं." मग तिने फिल्टरमध्ये जोडलं: किंवा लेबल रिकामं असलेले. पडद्यावर सत्तावीस ओळी आल्या.

डॉक्टरबाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. सोळाव्या ओळीवर थांबल्या. एकाच रुग्णाचे एका दिवशी दोन नमुने आले, तर दुसऱ्याचा रिपोर्ट पहिल्यावर चढतो, पहिला नाहीसा होतो, असं तिथे लिहिलं होतं.

"माझ्याकडे दिवसातून चार-चार वेळा साखर बघतात," त्या म्हणाल्या. "हे कोणाकडे होतं?"

ओळीच्या टोकाला माझं नाव होतं. पंचवीसच्या पंचवीस ओळींच्या टोकाला होतं. राखणदार मीच ना! ते टास्क आठवडाभरापूर्वी आलं, मी वाचलं, क्वचित होणारी गोष्ट समजून बाजूला सारलं. त्या क्षणी 'रुग्णाला-धोका' ही एक चिठ्ठी लावली असती, तर ते दुसऱ्याच मिनिटाला सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं असतं. मी उभा राहिलो. "माझ्याकडे. लेबलं लावायचं काम माझं होतं. ताई सहा आठवडे मागे लागली होती, मी लावली नाहीत." कोपऱ्यातली बाई बोलू शकते तर मी का नाही?

सोमवार रद्द झाला. आम्ही तीन आठवडे मागून घेतले. मॅनेजर दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. पण जाताना डॉक्टरबाई दारात थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "यापुढे माझ्याकडे येणारी प्रत्येक यादी आधी यांनी ताडलेली हवी. स्वतःची चूक माझ्यासमोर सांगणारं माणूस मला तुमच्याकडे आज पहिल्यांदा भेटलं."

आता आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर पहिला आकडा असतो तो बिनलेबलाच्या टास्कचा. तो शून्य झाल्याशिवाय खालचं काही वाचायचं नाही, असा तिचा नियम आहे. माझा शून्य असतो. एकदा एक झाला होता, तर चहाच्या आधी बोलावणं आलं.

आणि तिचा करार? पंधराव्या दिवशी सकाळी मी संगणक उघडला, तर खोल्यांच्या यादीत एक नवी खोली दिसली: 'अहवाल'. ती मॅनेजरने बनवली होती. आम्हा सगळ्यांची नावं ताईने आपापल्या खोल्यांपुढे लिहिली होती. तिचं स्वतःचं नाव मात्र इतक्या महिन्यांत कुठेच नव्हतं. त्या सकाळी मॅनेजरने ते राखणदाराच्या रकान्यात लिहिलं होतं. ती पडद्यापुढे बसून नुसती बघत होती. हात लावत नव्हती.

मी माझ्या जागेवरून एक टास्क टाकलं. कंपोनंट 'अहवाल', एपिक 'लॅब सुरू करणे', लेबल 'रुग्णालयाची-मागणी'. मजकूर लिहिला: ताईंना कायम ठेवणे. ते आपोआप तिच्या नावावर गेलं. तिने ते उघडलं, तिन्ही रकाने नीट तपासले, मगच माझ्याकडे बघून हसली. मग 'झालं' असा शेरा मारून तिने ते बंद केलं.