डब्याच्या पिशवीतली चकती

बायको चाकूरच्या शाळेत शिकवते. लातूरहून रोजचं अपडाऊन, तेही एका सरांच्या गाडीतून. गाडीत चौघं असतात हे मला ठाऊक होतं. पुढची सीट तिचीच असते, हेही ठाऊक होतं. कंबर दुखते म्हणून सरांनीच दिली होती. तिची कंबर दुखते हे सरांना कशाला कळायला हवं, यावर मी आठवडाभर जळत होतो.

त्यात शेंगदाण्याची चटणी. डबा मी भरायचो. "चमचाभर जास्त घाला, सरांना लई आवडती," ती म्हणायची. मी घालायचो आणि दात-ओठ खायचो.

शेवटी मी एक ट्रॅकर आणला, नाण्याहून जरा मोठी चकती. माझ्या फोनला जोडून डब्याच्या पिशवीत, तळाच्या पुठ्ठ्याखाली सरकवली. मालक जवळ नसताना ती दुसऱ्यासोबत फिरत राहिली, तर त्याच्या फोनवर सूचना येते, हे या शहाण्याला माहीत नव्हतं.

दुपारी तिचा फोन आला. "अहो, मोबाईल म्हणतोय, अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय. नकाशात आपल्या दारापासून शाळेपर्यंत ठिपके हायत. लई भ्या वाटायलंय, तुम्ही या!"

त्यांच्या शाळेत सगळे डबे एकाच टेबलावर उघडतात. तिथंच तिनं फोनवरून त्या ट्रॅकरचा आवाज वाजवला आणि पिशवी सगळ्यांसमोर चिवचिवली. सर तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. मी मोटारसायकलवर धापा टाकत पोचलो, तेव्हा तिची पर्स सरांच्या हातात होती. अंगाला घाम फुटलेला, तरी मला ती पर्सच खुपली.

हवालदार बाईंनी चकती स्वतःच्या फोनच्या पाठीला लावली. स्क्रीनवर तिचा अनुक्रमांक आला आणि खाली मालकाच्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे.

"मॅडम, वळखीचा हाय का नंबर? फिर्याद दिली तर कंपनीकडनं नाव मागवता येतंय."

ते चार आकडे तिला तोंडपाठ आहेत. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सर मला म्हणाले, "दादा, बसा, पाणी घ्या." मी बसलो.

"न्हाई," ती म्हणाली. "फिर्याद नको."

घरी येताना ती माझ्या मागे बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही. दाराशी उतरल्यावर मी कसंबसं विचारलं, "माझ्यासाठी खोटं बोललीस?"

"खोटं कुठं बोलले?" तिनं चकती माझ्या तळहातावर ठेवली. "तिथं उभा होता त्यो माणूस मला वळखीचा वाटला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून डबा ती स्वतःच भरते.